एअर इंडिया नक्की कोणत्या सालची? फलकावर चारच आकडे बसतात

शिवडीकर

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा देखाव्याऐवजी 'मुंबईत वाढलेली नावं' असं लहानसं प्रदर्शन करतोय. प्रत्येक फलकावर एक जुनं चित्र, नावाखाली ठळक साल आणि मग चार ओळी माहिती. बाकीचे फलक छापायला गेले, एअर इंडियाचा तेवढा अडकलाय.

तळमजल्यावरचे काका म्हणतात 1932, यात वाद कसला. मुलीने कंपनी खात्याच्या साइटवर शोधलं तर एअर इंडिया लिमिटेडची नोंदणी 2007 ची दिसते. सेक्रेटरींचं म्हणणं 1953, कारण तेव्हा सरकारी झाली. आणि महाराजाचं चित्र देणाऱ्या बाईंनी मागे पेन्सिलने 1946 लिहून ठेवलंय. चार माणसं, चार सालं. कोणतं छापू? छापखानेवाला रोज फोन करतोय.

तिखटमीठ

2007?? म्हणजे माझा धाकटा भाऊ एअर इंडियापेक्षा मोठा. बसलो पॉपकॉर्न घेऊन.

सीए_मुलुंड

हसण्यासारखं काही नाही, मुलीने बरोबर शोधलंय. कायद्याने कंपनी ही एक व्यक्ती असते आणि नोंदणीचा दाखला हा तिचा जन्मदाखला. आज जी कंपनी विमानं उडवते, तिचा दाखला 2007 चा आहे. प्रत्येक कंपनीच्या ओळख क्रमांकात नोंदणीचं साल असतंच, ते कुणाला खोडता येत नाही. त्याआधीची सालं म्हणजे जाहिरात खात्याचं काम. फलकावर 2007 लिहा आणि मोकळे व्हा.

नोंदवही

सीएसाहेब, कंपनीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण फलक कंपनीचा नाहीये, नावाचा आहे. शिवडीकरांनी प्रदर्शनाचं नावच 'वाढलेली नावं' ठेवलंय.

तुमचंच साधन वापरून दाखवतो. टीसीएसचा क्रमांक बघा:

L22210MH1995PLC084781

मधे 1995 दिसतं. आता टीसीएसमधून निवृत्त झालेल्या कुणालाही सांगून बघा की तुमची टीसीएस 1995 ची. 1968 पासून टीसीएस होतीच, पण टाटा सन्सचा एक विभाग म्हणून. 1995 ला आजची कंपनी नोंदवली आणि विभागाचा धंदा तिच्याकडे आला तो 2004 ला, शेअर बाजारात उतरण्याच्या आधी. म्हणजे नऊ वर्षं कंपनी एकीकडे आणि तो मोठा धंदा दुसरीकडे. क्रमांकातलं साल खोटं बोलत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही.

टीसीएस हे सोपं उदाहरण, कारण मालक तेच आणि धंदाही सलग. एअर इंडिया फार गुंतागुंतीची आहे. तिथे तीन धागे वेगळे धरावे लागतात: विमानसेवा कधी सुरू झाली, 'एअर इंडिया' हे नाव कधी आलं, आणि आजची कायदेशीर कंपनी कधी झाली. तिन्हींची उत्तरं वेगळी. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

गोरेगाव_पूर्व

म्हणजे चाळीचा टॉवर होतो तसं. पाटीवर नाव तेच, सोसायटीची नोंदणी मात्र नवी.

नोंदवही

बरोबर. फक्त इथे टॉवर दोन-तीनदा झालाय आणि मधे एकदा बिऱ्हाडांची अदलाबदलही झाली.

निवृत्त_कलिना

मी या कंपनीत आयुष्य काढलं आहे. आमच्यासाठी साल एकच, 1932. 15 ऑक्टोबरला जेआरडी टाटांनी कराचीहून पुस मॉथ विमान उडवलं, वाटेत अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. टपाल घेऊन आले होते. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. तिथून आजपर्यंत सेवा आहे. मालक बदलले, सरकार आलं, टाटा परत आले, पण विमानं थांबली नाहीत. 2007 वगैरे कारकुनी आकडे आहेत.

मीनल_डोंबिवली

धाग्याच्या विषयाशी जुळतंय असं वाटतं म्हणून विचारते. सासऱ्यांनी 1968 ला लालबागला मसाला कांडून द्यायचं दुकान काढलं. नंतर दिरांबरोबर भागीदारी झाली, 2011 ला आम्ही प्रायव्हेट लिमिटेड केली. आता पाकिटं नव्याने छापतोय. डिझाइनवाला म्हणतो 'स्थापना 1968' मोठं टाका, आमचे अकाउंटंट म्हणतात 2011 च टाकता येईल. नवऱ्याला 1968 च हवंय. काय करावं?

सीए_मुलुंड

मीनलताई, अकाउंटंट बरोबर आहेत. कंपनीच्या नावाखाली 1968 लिहिलंत तर ते चूक. ब्रँडसाठी ट्रेडमार्क कधी नोंदवला ते बघा, तेच ब्रँडचं साल. एअर इंडियालाही तोच न्याय लावा, ट्रेडमार्कच्या रजिस्टरमध्ये तारीख मिळेल.

नोंदवही

जेवण झालं, आता सावकाश लिहितो. मीनलताई, तुमच्याकडे शेवटी येतो.

आधी एअर इंडिया. 1932 ला जे सुरू झालं त्याचं नाव एअर इंडिया नव्हतंच. ते टाटा सन्सचं विमान खातं होतं आणि पुढे टाटा एअरलाइन्स या नावाने ओळखलं गेलं. 1946 ला टाटांनी त्याची वेगळी पब्लिक कंपनी करायचं ठरवलं, तेव्हा नवं नाव हवं होतं. बॉम्बे हाउसमध्ये कर्मचाऱ्यांचा कौल घेतला. चार नावं होती: इंडियन एअर लाइन्स, पॅन-इंडियन एअर लाइन्स, ट्रान्स-इंडियन एअर लाइन्स आणि एअर-इंडिया. एअर-इंडिया पहिलं आलं, इंडियन एअर लाइन्स दुसरं. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येतं. 29 जुलै 1946 पासून एअर-इंडिया लिमिटेड. महाराजाही त्याच वर्षीचा, बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांचा. त्या बाईंनी पेन्सिलने लिहिलेलं साल म्हणूनच चित्राला अगदी बरोबर आहे.

आता खरी गंमत. ही 1946 ची कंपनी देशांतर्गत उड्डाणं करत होती. परदेशी सेवेसाठी 8 मार्च 1948 ला दुसरी कंपनी काढली, एअर-इंडिया इंटरनॅशनल लिमिटेड. तिच्यात सरकारचा वाटा 49 टक्के. जूनमध्ये 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला गेलं ते या दुसऱ्या कंपनीचं. म्हणजे 1948 पासून 'एअर-इंडिया' हे शब्द दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावात होते.

1953 ला राष्ट्रीयीकरण झालं आणि दोन महामंडळं बनली. देशातल्या उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन, परदेशी उड्डाणांसाठी एअर-इंडिया इंटरनॅशनल. 1946 ची एअर-इंडिया लिमिटेड देशातली होती, तेव्हा तिची सेवा गेली इंडियन एअरलाइन्समध्ये, डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज वगैरेंच्या जोडीला. जेआरडींनी 1932 ला जी कराची-मुंबई-मद्रास सेवा सुरू केली, तिचा थेट वारसा धंद्याच्या बाजूने बघितला तर इंडियन एअरलाइन्सकडे जातो. नाव मात्र दुसऱ्या घरात राहिलं. आणि वारसा ज्या घरात गेला, त्याला कौलात दुसरं आलेलं नाव मिळालं.

कलिनाकाका, राग मानू नका. पण 'सेवा सलग आहे म्हणून 1932' असं म्हटलं तर तो दाखला एअर इंडियापेक्षा इंडियन एअरलाइन्सचा जास्त होतो.

निवृत्त_कलिना

राग नाही. पण जेआरडी 1953 नंतर कुणाचे अध्यक्ष होते? एअर-इंडिया इंटरनॅशनलचे. माणसं, शिस्त, शिकवण सगळं इकडे आलं. वारसा विमानांच्या मालकीत नसतो. आणि तुमच्या हिशेबानेही 2007 ला दोन्ही घरं एकत्र आलीच ना? मग आता तरी 1932 आमचं.

नोंदवही

2007 चा मुद्दा बिनतोड आहे. त्याने 1932 चा हक्क दोन्हींकडून येऊन मिळतो. तरी बघा, तो हक्क सेवेचा आहे. 1932 ते 1946 मध्ये कुणी 'एअर इंडियाचं तिकीट द्या' म्हटलं असतं तर ते कुणाला कळलं नसतं.

शिवडीकर

मग 2007 ला नेमकं काय झालं? मुलीला तेवढंच दिसतंय आणि ती हट्टाला पेटलीय.

नोंदवही

तिचं कौतुक करा, तिने मूळ नोंद उघडून बघितली. फक्त त्या नोंदवहीला मागचं का दिसत नाही ते सांगतो.

1953 ते 1994 एअर इंडिया ही कंपनीच नव्हती. संसदेच्या कायद्याने बनलेलं महामंडळ होतं, त्यामुळे कंपन्यांच्या नोंदवहीत त्या काळात ते शोधून सापडणार नाही. 1994 ला तो कायदा रद्द करून एअर इंडिया लिमिटेड आणि इंडियन एअरलाइन्स लिमिटेड अशा कंपन्यांकडे कारभार दिला. 2007 ला दोघींचं विलीनीकरण ठरलं तेव्हा एकीत दुसरी मिसळली नाही. मार्च 2007 मध्ये तिसरी, नवी कंपनी काढली: नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया लिमिटेड. दोघी तिच्यात विलीन झाल्या. 1994 ची एअर इंडिया लिमिटेड तिथे संपली. 2010 ला या नव्या कंपनीने स्वतःचं नाव बदलून एअर इंडिया लिमिटेड घेतलं. नाव बदललं की नोंदणीचं साल बदलत नाही, म्हणून आज 2007 दिसतं.

म्हणजे या नावाच्या एकूण तीन वेगळ्या कंपन्या झाल्या, 1946, 1994 आणि 2007 च्या. 2007 ते 2010 या मधल्या काळात विमानांवर एअर इंडिया रंगवलेलं होतं, पण ते नाव चालत्या कंपनीचं नव्हतं. ब्रँड आणि कंपनी वेगळे धरायचे का, याला यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

सीए_मुलुंड

हे विलीनीकरणाचं मान्य. पण मग जानेवारी 2022 ला टाटांनी घेतली तेव्हा नवं साल का नाही?

नोंदवही

कारण त्यांनी शेअर घेतले. टॅलेस नावाच्या टाटा सन्सच्या कंपनीकडे शेअर गेले, एअर इंडिया लिमिटेड होती तशीच राहिली. कंपनीसकट नाव आणि महाराजा गेले. याउलट थम्स अप बघा. 1977 चं पार्ले कंपनीचं पेय, 1993 ला कोकाकोलाने ब्रँड घेतला. तिथे बाटलीवरचं नाव आणि मालक कंपनी यांचा जन्माने काही संबंधच नाही. म्हणून साल ठरवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: कंपनी विकली की नुसतं नाव?

गोरेगाव_पूर्व

बिस्लेरी पण इटलीची ना? म्हणजे ती 1880 च्या आसपासची धरायची?

नोंदवही

इटलीत ते नाव एका औषधी पेयाचं होतं. बाटलीबंद पाणी म्हणून मुंबईत आलं 1965 ला, आणि 1969 ला पार्ल्याच्या चौहानांनी घेतलं. मी पाण्याच्या फलकावर 1965 लिहीन आणि इटलीचं नाव खालच्या ओळींत घेईन. काही लोक उलट करतात, त्यांना अगदीच चूक म्हणता येणार नाही. एकच शब्द वेगळ्या देशात वेगळ्या मालावर असेल तर तो तोच ब्रँड म्हणायचा का, यावर माझं मत पक्कं नाही.

ठाणे_तलाव

माझ्याकडे वडिलांच्या कागदांत एअर इंडियाचं एक वेळापत्रक आहे. घडीचं, फिकट लाल. त्यावर 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' आहे, पण साल कुठेच नाही. यावरून काही कळेल का?

निवृत्त_कलिना

हे माझं क्षेत्र. 'इंटरनॅशनल' असेल तर 1948 ते 1962 मधलं. 1962 ला तो शब्द गळला. आत बघा, नावाच्या शेवटी 'लिमिटेड' दिसतंय का? दिसलं तर 1953 च्या आधीचं, कारण नंतर कॉर्पोरेशन झालं. विमान कोणतं लिहिलंय तेही बघा. बोइंग 707 असेल तर 1960 किंवा नंतरचं. सुपर कॉन्स्टेलेशन असेल तर त्याआधीच्या दहा वर्षांतलं असण्याची शक्यता जास्त. मुखपृष्ठापेक्षा मागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचा, खरं तिथे असतं.

ठाणे_तलाव

मागच्या पानावर कार्यालयांची यादी आहे, 'लिमिटेड' नाही, 'कॉर्पोरेशन' पण नाही. आत 'बोइंग 707' स्पष्ट आहे, न्यूयॉर्कचं उड्डाणही आहे.

निवृत्त_कलिना

मग 1960 ते 62. न्यूयॉर्क 1960 लाच सुरू झालं. कागद जपून ठेवा, सेलोटेप लावू नका.

नोंदवही

काका, हे मला जमलं नसतं. शिवडीकर, फलकावर असं काही ठेवता आलं तर जरूर ठेवा. छापलेल्या कागदावरचं नाव हा सगळ्यात भरवशाचा पुरावा, कारण तो त्या वेळी छापलेला असतो. पन्नास वर्षांनी निघालेल्या स्मरणिकेत सालं मागे मागे सरकतात.

आता ट्रेडमार्कचं. सीएसाहेब, रजिस्टरमध्ये दोन तारखा असतात आणि तुम्ही त्यातली एकच धरलीत. नोंदणी मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून धरतात. पण अर्जातच दुसरा रकाना असतो, हे चिन्ह कधीपासून वापरात आहे. भारतात ट्रेडमार्क नोंदणीचा पहिला कायदा 1940 चा, तेव्हा त्याआधीच्या नावांना रजिस्टरमध्ये जुनी नोंदणी मिळणं शक्यच नाही. वापराची तारीख मात्र कितीही मागची असू शकते. शिवाय ती आजच्या कंपनीच्या जन्माआधीची चालते, मधल्या मालकांची साखळी कागदावर दाखवता आली तर. ब्रँड कंपनीपेक्षा जुना असू शकतो हे कायद्यानेच धरून ठेवलंय.

सीए_मुलुंड

वापराची तारीख अर्जदार स्वतः लिहितो. कुणीही 1900 लिहील.

नोंदवही

लिहील की. म्हणून हल्ली आधीच्या वापराचा दावा असला तर प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात. तरी तुमचा संशय रास्त आहे. जुन्या अर्जांतल्या वापराच्या तारखेवर मी एकट्यावर कधी विसंबत नाही. ती मालकाची बाजू असते. दुसरा कागद सापडेपर्यंत ती पेन्सिलनेच लिहायची.

मीनलताई, आता तुमचं. तुमच्याकडे दोन नाहीत, तीन सालं असावीत असं वाटतं. 1968 ला दुकान सुरू झालं. पण तेव्हा तुमच्या आजच्या ब्रँडचं नाव होतं का? लोक मिरची-धणे घेऊन यायचे आणि कांडून न्यायचे, तर पिशवीवर नाव कशाला असेल?

मीनल_डोंबिवली

बरोबर! सासूबाईंना विचारलं. सुरुवातीला लोक आपलाच डबा आणायचे. नाव छापलेली पाकिटं मोठ्या दिरांच्या लग्नानंतर आली, म्हणजे 1974-75 च्या सुमारास. 1968 चं गुमास्ता लायसन आहे, पण त्यावर सासऱ्यांचं नाव आणि 'मसाला दुकान' एवढंच. ब्रँडचं नाव नाही.

नोंदवही

मग गुमास्ता लायसन दुकानाचं साल सिद्ध करतं, ब्रँडचं नाही. ब्रँडचं नाव आणि तारीख एकाच कागदावर हवी. जुनी बिलबुकं, पाकीट छापणाऱ्याचं बिल, विक्रीकराचे कागद. आणि मराठी घरात एक जागा हमखास विसरली जाते: दिवाळी अंकातली जाहिरात. लालबागच्या दुकानांनी तेव्हा मंडळांच्या अहवालात आणि दिवाळी अंकांत भरपूर जाहिराती दिल्यात. अंकावर साल छापलेलंच असतं.

पाकिटावर 'लालबाग, 1968 पासून' असं दुकानाच्या नात्याने लिहिता येईल. कंपनीच्या पूर्ण नावाला चिकटवून 'स्थापना 1968' लिहू नका, तिथे अकाउंटंट बरोबर आहेत. दीर वेगळे झालेत का? दुकानाचं आणि नावाचं काय लिहून ठेवलंय, भागीदारीतून कंपनीकडे नाव दिल्याचा करार आहे का? तो नसेल तर 1974 वर तुमच्याइतकाच त्यांचाही हक्क निघू शकतो. हे वकिलाला दाखवल्याशिवाय पाकीट छापू नका.

शिवडीकर

फलकाचा मजकूर असा केलाय, बघा:

'एअर इंडिया. नाव 1946. मूळ विमानसेवा टाटांची, 1932, कराची ते जुहू. 1948 पासून परदेशी सेवा, 1953 ला सरकारी. आजची कंपनी 2007 ला नोंदलेली, 2022 पासून पुन्हा टाटांकडे.'

ठळक आकडा 1946. मुलगी खूश, कारण 2007 पण आलं. तळमजल्यावरचे काका नाराज आहेत.

निवृत्त_कलिना

मी त्या काकांच्या बाजूने. 1932 ठळक हवं होतं. आणि निदान 1946 च्या ओळीत 'एअर-इंडिया' असं जोडरेघ घालून लिहा, तेव्हा तसंच लिहीत.

नोंदवही

जोडरेघेला अनुमोदन. ठळक आकड्याबद्दल काकांशी माझं जमणार नाही.

तिखटमीठ

इंडियन एअरलाइन्सचा फलक नाही का? तिला तर सगळेच विसरले. वारसा तिचा, फलक दुसरीचा.

शिवडीकर

जागा उरली तर करतो. तिचं साल काय लिहू, 1953?

नोंदवही

नावाचं 1953. मागचा धागा 1932 पर्यंत जातो, पण एकट्या टाटांचा नाही, सगळ्या विलीन झालेल्या कंपन्यांचा. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पुरणार नाही.

मीनल_डोंबिवली

सापडलं! दिरांच्या माळ्यावर गणेशोत्सव मंडळाचा 1976 चा अहवाल मिळाला. शेवटून दुसऱ्या पानावर आमची जाहिरात, ब्रँडचं नाव ठळक. खाली मालक म्हणून मात्र फक्त दिरांचं नाव आहे, सासऱ्यांचं नाही. आता नवरा म्हणतो हा कागद वकिलाला दाखवायचा की नाही ते आधी ठरवू.